उंदीर, मेंढी आणि एक घातांक: दोन प्राण्यांवरून चयापचयाचं गणित कसं सोडवायचं

फोंड्याला माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या बारावीच्या मुलांना मी दर पावसाळ्यात एक गणित घालतो. एक उंदीर, एक मेंढी, दोघांचं वजन आणि दोघांचा चयापचयाचा दर दिलेला असतो. घातांक काढायचा. गणित चार ओळींचं आहे, पण वह्या तपासायला घेतल्या की कुणाचं ०.५३, कुणाचं ७.६५, कुणाचं उणे २.१०. गंमत म्हणजे दरवर्षी तीच तीच चुकीची उत्तरं येतात. म्हणजे मुलं वेंधळेपणा करत नाहीत, ठरावीक जागी पाय घसरतो. त्या जागा दाखवण्यासाठी हे लिहितोय.

नियम असा: प्राण्याचा चयापचय दर B हा वस्तुमान M च्या एका घातावर अवलंबून असतो.

```
B = a × M^b
log B = log a + b × log M
```

दुसरी ओळ सरळ रेषेची आहे. b हा त्या रेषेचा चढ. दोन बिंदू मिळाले की चढ मिळतो:

```
b = (log B2 - log B1) / (log M2 - log M1)
```

एवढंच सूत्र. पुढचं सगळं त्यात काय घालायचं आणि कुठल्या क्रमानं, याबद्दल.

## १. आधी आकडे पारखून घ्या

आपण हे आकडे घेऊ. क्लायबर या शास्त्रज्ञाच्या तक्त्यातले आहेत, हिशेबाला सोपे जावेत म्हणून जरा पूर्णांकित केले आहेत.

उंदीर: ०.२८ किलो, दिवसाला २८ किलोकॅलरी.
मेंढी: ४६ किलो, दिवसाला १२५० किलोकॅलरी.

मेंढी गोव्यात कोण पाळतो, असं मला वर्गात हमखास विचारतात. बकरी का नाही घेतली? त्याचं उत्तर शेवटी आहे, आणि ते उत्तरच या गणितातला सगळ्यात मोठा धडा आहे.

आता ‘उंदीर’ या शब्दाकडे बघा. मराठीत घरात चिवचिवणारा वीस-एकवीस ग्रॅमचाही उंदीरच आणि प्रयोगशाळेतला पाव किलोच्या वरचा पांढराही उंदीरच. कोकणीतल्या ‘हुंदरा’चं तेच. इंग्रजी तक्त्यात मात्र हे दोन वेगळे प्राणी आहेत, दोन वेगळ्या ओळींत. घाईत वजन एका ओळीतून आणि किलोकॅलरी दुसऱ्या ओळीतून उचलली जाते. वजन ०.०२१ किलो आणि दर २८ असं घेतलंत तर घातांक ०.४९ येतो. हिशेबात कुठेच चूक नसते, म्हणून कितीही वेळा तपासलं तरी सापडत नाही.

तपासा: वजन आणि दर एकाच प्राण्याच्या एकाच ओळीतले आहेत ना?

दुसरी पारख दराची. आपल्याला हवा तो मूलभूत चयापचय दर, म्हणजे प्रौढ, जागा पण निवांत बसलेला, उपाशी आणि थंडी-उकाड्याचा त्रास नसलेला प्राणी किती ऊर्जा खर्च करतो तो. यातली शेवटची अट सगळे विसरतात. छोट्या प्राण्याच्या आकारमानाच्या मानानं त्याची कातडी खूप असते, त्यामुळे उष्णता भराभर निसटते. पांढऱ्या उंदराला अंग गरम ठेवायला जादा इंधन जाळावं लागू नये असं वाटत असेल तर खोलीत साधारण २८ अंशांच्या वर तापमान हवं. म्हणजे आपल्याकडे पंखा बंद करून घामाघूम व्हावं तेवढं. एसी लावलेल्या प्रयोगशाळेत आपण खूश, पण उंदीर गारठलेला असतो. लोकरीतल्या मेंढीला त्याच खोलीत काहीच फरक पडत नाही.

याचा परिणाम करून बघू. समजा गार खोलीमुळे उंदराचा दर दीडपट झाला, २८ च्या जागी ४२. मेंढीचा तोच राहिला. घातांक येतो ०.६६५, म्हणजे जवळजवळ दोन-तृतीयांश. आणि दोन-तृतीयांश हा काही ऐरागैरा आकडा नाही. उष्णता कातडीतून जाते म्हणून चयापचय पृष्ठभागाच्या प्रमाणात असावा, असं मानणाऱ्यांचा तो घातांक. १८८३ मध्ये रुबनरनं कुत्र्यांवर मोजमापं करून तेच मांडलं होतं. तेव्हा गारठलेल्या उंदरावरून तुम्ही एक सन्माननीय नियम ‘सिद्ध’ करून बसाल. उणे २.१० असं उत्तर आलं तर निदान शंका तरी येते. ०.६६५ आलं की माणूस वही मिटतो.

इशारा: दर कुठल्या परिस्थितीत मोजला हे लिहिलेलं नसेल तर तो आकडा घेऊ नका.

## २. एककं जुळवा, आणि दर पूर्ण प्राण्याचा घ्या

दोन्ही वजनं किलोत किंवा दोन्ही ग्रॅममध्ये. कुठलंही चालेल, कारण गुणोत्तर तेच राहतं आणि b बदलत नाही. बदलतो तो a, त्याबद्दल पुढे. पण उंदीर ग्रॅममध्ये (२८०) आणि मेंढी किलोत (४६) असं झालं की मेंढी उंदरापेक्षा हलकी ठरते. ते उणे २.१० इथून येतं. बाजारात मिरची ग्रॅमवर आणि तांदूळ किलोवर घ्यायची सवय असते, तीच वहीत उतरते.

दराचंही तसंच. काही पुस्तकांत तो वॅटमध्ये असतो. दिवसाला एक किलोकॅलरी म्हणजे ०.०४८४ वॅट, त्या हिशेबानं आपली मेंढी साधारण ६० वॅटची, जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. दोन्ही दर वॅटमध्ये घेतले तरी b तोच येईल. एक इकडचा, एक तिकडचा घेतला की उत्तर गेलं.

यापेक्षा नाजूक चूक म्हणजे दर किलोमागे दिलेला असणं. उंदराचे २८ भागिले ०.२८ म्हणजे किलोमागे १००. मेंढीचे किलोमागे जेमतेम २७. हे आकडे सूत्रात घातले तर घातांक उणे ०.२५५४ येतो. हे उत्तर खरं तर चूक नाही, ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. दर M नं भागला की घातांकातून १ वजा होतो. त्यामुळे त्यात १ मिळवा, ०.७४४६ हाती येतं. हीच सोय पडताळणीसाठी वापरता येते: दोन्ही रीतींनी काढा, दोन उत्तरांत बरोबर १ चा फरक पडला पाहिजे.

## ३. लॉगला हात लावण्यापूर्वी अंदाज बांधा

मुलं ही पायरी गाळतात आणि मग ७.६५ अधोरेखित करून ठेवतात.

वजनांचं गुणोत्तर: ४६ भागिले ०.२८, साधारण १६४.
दरांचं गुणोत्तर: १२५० भागिले २८, साधारण ४५.

मेंढी १६४ पट जड, पण खर्च ४५ पटच. म्हणजे घातांक १ पेक्षा कमी. १६४ चं वर्गमूळ १२.८, आणि ४५ त्याहून बरंच मोठं, म्हणजे घातांक ०.५ पेक्षा जास्त. उत्तर या दोहोंमध्येच असायला हवं.

आणखी जवळ जायचं असेल तर वर्गमूळाचं वर्गमूळ घ्या: १२.८ चं ३.५८. आता १२.८ गुणिले ३.५८ करा, ४५.८ येतं. अर्धा घात गुणिले पाव घात म्हणजे पाऊण घात, त्यामुळे घातांक बरोबर ०.७५ असता तर गुणोत्तर ४५.८ आलं असतं. आपलं ४४.६ आहे, किंचित कमी. म्हणजे उत्तर ०.७५ च्या जरासं खाली येणार, हे लॉगचं पुस्तक न उघडता कळलं.

तपासा: वहीच्या समासात ‘०.५ ते १, बहुतेक ०.७५ च्या खाली’ असं लिहिलंत का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## ४. चार लॉग काढा, घाई न करता

तक्त्यावरून:

log १२५० = ३.०९६९
log २८ = १.४४७२
log ४६ = १.६६२८
log ०.२८ = ?

निम्मा वर्ग इथे गळतो. तक्त्यात दशांश चिन्ह नसतं, त्यामुळे २८ आणि ०.२८ दोन्हींसाठी एकाच घरात बोट जातं आणि मँटिसा एकच मिळतो: ४४७२. फरक फक्त कॅरॅक्टरिस्टिकचा. ०.२८ साठी तो बार १, म्हणून आपण बार १.४४७२ लिहितो, १ च्या डोक्यावर आडवी रेघ देऊन.

ती रेघ फक्त १ वर आहे. बार १.४४७२ याचा अर्थ उणे १ अधिक ०.४४७२, म्हणजे उणे ०.५५२८. मँटिसा नेहमी धनच असतो.

तीन प्रकारची मुलं असतात. एक रेघ द्यायलाच विसरतात आणि १.४४७२ घेतात. त्यांना वजनांच्या लॉगमधला फरक ०.२१५६ मिळतो आणि घातांक ७.६५. दुसरी रेघ म्हणजे उणे चिन्ह समजून अख्ख्या आकड्याला लावतात, उणे १.४४७२. त्यांचा फरक ३.११ आणि घातांक ०.५३. हे ०.५३ फार फसवं, कारण ते समासातल्या ०.५ ते १ मध्ये बसतं. म्हणूनच समासात ‘बहुतेक ०.७५ च्या खाली’ असंही लिहायला लावलं होतं, आणि ०.५३ हे ‘जरासं खाली’ नव्हे. तिसरी मुलं कागदाच्या कोपऱ्यात उणे १ अधिक ०.४४७२ असं खरंच मांडतात आणि सुटतात. तुम्हीही मांडा. दहा सेकंदांचं काम आहे.

बार नकोच असेल तर दोन्ही वजनं ग्रॅममध्ये घ्या. २८० चा लॉग २.४४७२, ४६००० चा ४.६६२८. फरक पुन्हा २.२१५६. परीक्षेत मी असाच सोडवला असता.

कॅल्क्युलेटरवर काम करणाऱ्यांना बारचा त्रास नाही, पण कंसांचा आहे. असं टाइप करा:

```
(log(1250)-log(28))/(log(46)-log(0.28))
```

बाहेरचे कंस टाळले तर यंत्र आधी मधला भागाकार करतं आणि उत्तर भलतंच येतं. `log` ऐवजी `ln` वापरलंत तरी चालेल, मात्र चारही ठिकाणी. वर `ln` आणि खाली `log` पडलं की उत्तर २.३ पटीनं फुगतं, १.७१ दिसतं.

## ५. वजाबाकी दोनदा, भागाकार एकदा

वरचा फरक: ३.०९६९ − १.४४७२ = १.६४९७
खालचा फरक: १.६६२८ − (−०.५५२८) = २.२१५६

खाली उण्यातून उणे गेलं की अधिक होतं, तिथे सावकाश.

b = १.६४९७ ÷ २.२१५६ = ०.७४४६

क्रम सांभाळा. वर मेंढी वजा उंदीर केलं असेल तर खालीही मेंढी वजा उंदीर. उलटसुलट झालं तर उत्तर उणे येईल, आकडा मात्र तोच. अशी चूक निदान पटकन ओळखू येते.

आणखी एक रोग: लॉगमधून लॉग वजा करण्याऐवजी लॉगला लॉगनं भागणं. log १२५० भागिले log २८ म्हणजे दरांच्या गुणोत्तराचा लॉग नव्हे. भागाकाराचा लॉग म्हणजे लॉगची *वजाबाकी*. नववीपासून पाठ असलेला नियम ऐन वेळी का विसरतो, देव जाणे. बहुधा सूत्रात आधीच एक भागाकाराची रेघ असते, म्हणून दुसरीही सुचते.

## ६. a काढा आणि तिसऱ्या प्राण्याला साक्षीला बोलवा

दोन बिंदूंतून रेषा नेहमीच जाते. त्यामुळे त्याच दोन प्राण्यांवर ताळा करून काही सिद्ध होत नाही, फक्त हिशेब बरोबर आहे एवढं कळतं. खरी परीक्षा तिसऱ्या प्राण्यावर.

आधी a. उंदराचे आकडे घालू:

log a = १.४४७२ − ०.७४४६ × (−०.५५२८) = १.४४७२ + ०.४११६ = १.८५८८

अँटिलॉग घेतला की a = ७२.२. सस्तन प्राण्यांसाठी पुस्तकात ७० गुणिले वजनाचा पाऊण घात असं सूत्र असतं, त्याच्या जवळच आलो. पण हा ७२.२ किलो आणि किलोकॅलरीच्या जोडीचा आहे. ग्रॅममध्ये काम केलंत तर a ०.४२ येईल आणि तोही बरोबरच. म्हणून a लिहिताना शेजारी एकक लिहा. एकक नसलेला a मी कापतो.

आता ससा. त्याच तक्त्यात २.९८ किलोच्या सशाचा दर १६७ आहे. आपली रेषा काय म्हणते?

log B = १.८५८८ + ०.७४४६ × ०.४७४२ = २.२११९, म्हणजे B = १६३.

१६७ च्या जागी १६३. उंदीर आणि मेंढीवरून सशाचा दर शेकड्याला अडीचच्या फरकानं सांगता आला, वाईट नाही. ससा वजनानं त्या दोघांच्या मधला आहे हेही ध्यानात घ्या. याच रेषेवरून हत्तीचं भाकीत करायला मी इतक्या बिनधास्तपणे धजणार नाही.

## ७. आता बकरीचं बघू

त्याच तक्त्यात बकरी ३६ किलोची, दर ८००. मेंढी ४६ किलो, १२५०. दोन्ही आकडे खरे, दोन्ही रवंथ करणारे प्राणी, एकमेकांचे जवळचे नातेवाईक. जोडी किती छान! घातांक काढा:

वरचा फरक: ३.०९६९ − २.९०३१ = ०.१९३८
खालचा फरक: १.६६२८ − १.५५६३ = ०.१०६५
b = १.८२

लॉग बरोबर, वजाबाकी बरोबर, एककं बरोबर, तरी उत्तर हास्यास्पद. याचा दोष खालच्या ०.१०६५ कडे जातो. कुठलाही प्राणी नेमका रेषेवर बसत नाही, जरा वर किंवा जरा खाली असतोच: जात, चरबी, लोकर, मोजण्याची पद्धत. समजा मेंढीचा दर शेकड्याला दहानं जास्त मोजला गेला. लॉगमध्ये ही चूक ०.०४१४ ची. उंदीर-मेंढीच्या जोडीत ती २.२१५६ नं भागली जाते, घातांक ०.७४ वरून ०.७६ होतो, फारसं बिघडत नाही. बकरी-मेंढीच्या जोडीत तीच चूक ०.१०६५ नं भागली जाते, घातांक ०.३९ नं हलतो. लहान आकड्यानं भागलं की चूक मोठी होते, एवढंच.

तपासा: दोन वजनांत निदान शंभरपट फरक आहे का? म्हणजेच खालचा फरक २ किंवा त्याहून जास्त? नसेल तर जोडी बदला.

म्हणून आपल्याकडे परसात बकरी बांधलेली असताना मी कुठूनतरी मेंढी आणली. खरं म्हणजे उंदीर-बकरी जोडीही चालली असती, तिचा घातांक ०.६९ येतो. आणि हा ०.६९ बघून ‘मग खरा कुठला?’ असं वर्गात कुणीतरी विचारतंच. गेल्या वर्षी डिचोलीहून येणाऱ्या एका मुलीनं विचारलं, “सर, मेंढी घेतली की पाऊण आणि बकरी घेतली की दोन-तृतीयांश, मग पुस्तकातल्या पाऊणला काय अर्थ?”

प्रश्न रास्त होता. तिला मी सांगितलं ते असं. दोन प्राण्यांवरून काढलेला घातांक त्या दोन प्राण्यांचा असतो. क्लायबरनं १९३२ मध्ये पाऊणच्या जवळचा घातांक मांडला तो अनेक प्राण्यांमधून एक रेषा ओढून. २००३ मध्ये व्हाइट आणि सेमूर यांनी शेकडो सस्तन प्राण्यांचे आकडे पुन्हा चाळले आणि घातांक दोन-तृतीयांशाच्या आसपास काढला. त्यांनी जे प्राणी वगळले त्यांत रवंथ करणारे होते. कारण मूलभूत दर मोजायला पोट रिकामं लागतं आणि मेंढी-बकरीच्या पोटात चारा दिवसेंदिवस आंबत राहतो. उपाशी ठेवली तरी ती लवकर ‘उपाशी’ होत नाही. आपल्या गणितातली मेंढी त्यांनी दारातच अडवली असती.

मग तिनं मेंढी खोडून त्याच तक्त्यातली माणसाची ओळ घेतली: बाई, ५७ किलो, १३७० किलोकॅलरी. खालचा फरक २.३०८७, वरचा १.६८९५, घातांक ०.७३. उत्तराच्या रकान्यात तिनं ०.७३१८ लिहिलं होतं. मी शेवटचे दोन आकडे खोडले.